अनामत परत कधी मागायची? पावती आणि बँक हमी वाचण्याचा धडा

मैत्रिणींनो, आपले गट आणि प्रभागसंघ आता पापड-लोणच्यांपुरते राहिलेले नाहीत. कुणी वसतिगृहाला जेवण पुरवतंय, कुणी सरकारी कार्यालयात उपहारगृह चालवतंय. असं काम घेताना पहिल्यांदा पैसे मिळत नाहीत, पहिल्यांदा पैसे द्यावे लागतात. निविदा भरताना बयाणा रक्कम, काम मिळाल्यावर सुरक्षा अनामत. हे पैसे खर्चाचे नसतात, ते आपलेच असतात आणि परत यायचे असतात. पण ते आपोआप येतीलच असं नाही. बहुतेक वेळा मागावे लागतात, आणि मागायचे कधी हे माहीत असावं लागतं.

त्यासाठी आपण अनामत नोंदवही ठेवतो. वहीत तीन गोष्टी नीट पाहिजेत: रक्कम किती, कागदाची मुदत कुठवर, आणि पैसे परत मागण्याची तारीख कोणती. यातल्या पहिल्या दोन गोष्टी कागदावर सापडतात. तिसरी बहुतेक वेळा पावतीवर नसतेच. ती करारनाम्यातून काढावी लागते. वहीत सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो इथंच, म्हणून आजचा धडा त्यावर आहे.

एक उदाहरण घेऊ

समजा, आपल्या प्रभागसंघाने तालुक्याच्या ठिकाणच्या एका शासकीय वसतिगृहाला भोजन पुरवण्याचं काम घेतलं. कामाची मुदत 1 जुलै 2025 ते 30 जून 2026, एक वर्ष. वर्षाच्या कामाची किंमत ₹12,00,000. करारनाम्यात अनामतीबद्दल तीन ओळी आहेत:

– बयाणा रक्कम, सुरक्षा अनामत जमा झाल्यापासून 30 दिवसांत परत केली जाईल.
– सुरक्षा अनामत कामाच्या किमतीच्या 5 टक्के, म्हणजे ₹60,000. ती बँक हमीच्या रूपात दिलेली चालेल.
– ही अनामत काम संपल्यानंतर 60 दिवसांपर्यंत वैध असावी, आणि त्यानंतर काही येणे नसल्यास परत केली जाईल.

काम संपल्यावर 60 दिवस हा आकडा तुम्हाला बऱ्याच ठिकाणी दिसेल. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियम 2017 मध्ये सुरक्षा अनामतीसाठी तो दिलेला आहे. पण तुमच्या कामाला तुमच्याच निविदेतला आकडा लागू होतो. म्हणून आकडा पाठ करू नका, दर वेळी करारनामा उघडून बघा.

या एका कामाचे आपल्याकडे तीन कागद येतात: बयाणा रकमेची पावती, बँक हमी, आणि त्या हमीसाठी बँकेत ठेवलेल्या मुदत ठेवीची पावती. एकेक कागद हातात घेऊ.

पहिला कागद: बयाणा रकमेची पावती

निविदा ऑनलाइन भरली की पैसेही ऑनलाइन जातात आणि एक पावती छापून मिळते. आपल्या पावतीवर तारीख आहे 5 मे 2025 आणि एकूण रक्कम ₹13,180. घाईत आपण वहीत ₹13,180 लिहून मोकळ्या होतो. पण पावती खालपर्यंत वाचा. त्यात तीन तुकडे आहेत:

बयाणा रक्कम ₹12,000
निविदा शुल्क ₹1,000
शुल्कावरील जीएसटी ₹180

परत येणार आहेत ते फक्त ₹12,000. शुल्क आणि त्यावरचा कर, मिळून ₹1,180, हा खर्च झाला. तो रोकडवहीत खर्चाच्या बाजूला जाईल, अनामत वहीत येणार नाही. पहिल्याच दिवशी ₹13,180 लिहिलं, तर पैसे परत आल्यावर ₹1,180 कमी दिसतील आणि लेखापरीक्षणात कुणाला तरी विनाकारण जाब द्यावा लागेल.

आता मुदत. रोख, धनाकर्ष किंवा ऑनलाइन भरलेल्या रकमेच्या पावतीवर मुदत नसते, कारण पैसे आधीच त्यांच्या हातात गेलेले आहेत. मग मुदतीच्या रकान्यात काय लिहायचं? रकाना कोरा ठेवू नका. कोरा रकाना म्हणजे "लिहायचं राहिलं" असा अर्थ होतो. तिथं "मुदत नाही" असं लिहा.

कुठे कुठे निविदेची वैधता, म्हणजे आपला दर किती दिवस कायम राहील, ती तारीख कागदांत दिसते. आपल्या निविदेत ती 20 मे 2025 पासून 90 दिवस, म्हणजे 18 ऑगस्ट 2025 आहे. ही आपल्या दराची मुदत आहे, पैशांची नाही. ती परतीच्या रकान्यात लिहू नका.

परत मागण्याची तारीख करारातून काढू. आपण बँक हमी 23 जून 2025 ला कार्यालयात जमा केली. त्यापासून 30 दिवस म्हणजे 23 जुलै 2025. वहीत ही तारीख लिहायची आणि शेजारी अटही लिहायची: "हमी जमा केल्यापासून 30 दिवस". अट का लिहायची? कारण उद्या हमी जमा करायला आठ दिवस उशीर झाला, तर तारीखही पुढे सरकेल. अट लिहिलेली असेल तर नवीन लेखापाल ताईलासुद्धा तारीख पुन्हा काढता येते.

आणखी एक गोष्ट याच ओळीत लिहून ठेवा: पैसे कोणत्या खात्यातून गेले. ऑनलाइन बयाणा बहुतेक वेळा ज्या खात्यातून गेला त्याच खात्यात परत येतो. मधल्या काळात संघाने ते खाते बंद केलं, किंवा पैसे एखाद्या पदाधिकारी ताईंच्या स्वतःच्या खात्यातून भरले होते, तर परतावा अडकतो किंवा नको तिथं जाऊन बसतो. म्हणून बयाणा नेहमी संघाच्या खात्यातूनच भरा, आणि परतावा येईपर्यंत ते खाते चालू ठेवा.

काही कार्यालयं बयाणा परत न करता तोच सुरक्षा अनामतीत वळता करून घेतात. तसं झालं तर बयाणाच्या ओळीत "परत मिळाले" असं लिहू नका. "सुरक्षा अनामतीत वळती, पत्र क्रमांक अमुक" असं लिहून ती ओळ बंद करा, आणि सुरक्षा अनामतीची नवी ओळ उघडा.

दुसरा कागद: बँक हमी

बँक हमी म्हणजे बँकेने कार्यालयाला दिलेलं लेखी वचन: "या संघाने काम नीट केलं नाही आणि तुम्ही मुदतीत मागणी केली, तर ठरलेल्या रकमेपर्यंत पैसे आम्ही देऊ." म्हणजे हमी देताना कार्यालयाकडे पैसे गेलेलेच नसतात. फक्त वचनाचा कागद गेलेला असतो.

हा कागद मुद्रांकावर असतो, दोन-तीन पानांचा असतो आणि बहुधा इंग्रजीत असतो. बघून घाबरायला होतं, पण आपल्याला सगळं वाचायची गरज नाही. दोन जागा बघायच्या.

पहिली जागा म्हणजे वरचा भाग. तिथं हमी क्रमांक, दिल्याची तारीख, रक्कम, आणि दोन नावं असतात. एक नाव लाभार्थीचं, म्हणजे ज्या कार्यालयाला हमी दिली त्याचं. दुसरं अर्जदाराचं, म्हणजे आपलं. लाभार्थीचं नाव करारनाम्यात जसं आहे तसंच आहे का बघा. रक्कम अंकात आणि अक्षरात एकच आहे का बघा. फरक दिसला तर कागद कार्यालयात जमा करण्याआधीच बँकेतून दुरुस्त करून घ्या. जमा केल्यावर कार्यालयाने तो परत पाठवला तर आपले दिवस जातात, आणि बयाणाची परतीची तारीखही पुढे ढकलली जाते.

दुसरी जागा म्हणजे शेवटचा परिच्छेद. तो बहुधा "नॉटविथस्टँडिंग" या शब्दाने सुरू होतो. त्याचा साधा अर्थ, "वर काहीही लिहिलेलं असो". म्हणजे वरच्या दोन पानांत काहीही असलं, तरी बँक बांधील आहे ती इथं लिहिल्यापुरतीच. म्हणून वहीत आकडे घ्यायचे ते या परिच्छेदातून. त्यात तीन कलमं असतात:

एक, बँकेची जबाबदारी जास्तीत जास्त किती रुपये. आपल्या हमीत ₹60,000.
दोन, हमी कोणत्या तारखेपर्यंत वैध. "व्हॅलिड अप टू" या शब्दांपुढे बघा. आपल्या हमीत 29 ऑगस्ट 2026.
तीन, लेखी मागणी, म्हणजे दावा, बँकेकडे कोणत्या तारखेपर्यंत यायला हवा. "क्लेम" हा शब्द शोधा. आपल्या हमीत 29 ऑगस्ट 2027.

दुसरी तारीख बरोबर आहे का, ते बोटांवर मोजून बघू. काम संपणार 30 जून 2026 ला. पुढचे 60 दिवस: जुलैचे 31, ऑगस्टचे 29. म्हणजे 29 ऑगस्ट 2026. करारात मागितलं तेवढंच आहे. बरोबर.

पण मग तिसरी तारीख आणखी एक वर्ष पुढे का? कारण हमीची मुदत संपण्याआधी काही चूक घडली असेल, तर त्याची मागणी करायला कार्यालयाला वेळ मिळावा म्हणून बँका दाव्याचा वेगळा कालावधी ठेवतात. भारतीय करार कायद्याच्या कलम 28 मध्ये बँक हमीच्या दाव्याच्या मुदतीबद्दल जी सूट आहे, ती किमान एक वर्षाच्या कालावधीला धरून आहे. म्हणून बऱ्याच हम्यांमध्ये वैधतेच्या तारखेत एक वर्ष मिळवलेलं दिसतं.

आपल्या दृष्टीने याचा अर्थ फार महत्त्वाचा आहे. हमी 29 ऑगस्ट 2026 ला संपली, तरी बँक आपली ठेव त्या दिवशी मोकळी करेलच असं नाही. मूळ हमीपत्र परत आलं नसेल, तर ती 29 ऑगस्ट 2027 पर्यंत थांबू शकते. म्हणून वहीत या दोन तारखांना दोन वेगळे रकाने हवेत. एकाच रकान्यात एकच तारीख लिहिली तर आपण एक तर वर्षभर आधी बँकेत हेलपाटा घालू, नाही तर वर्षभर उशिरा जाऊ.

तिसरा कागद: मुदत ठेवीची पावती

बँक वचन फुकट देत नाही. आपल्या उदाहरणात बँकेने पूर्ण ₹60,000 ची मुदत ठेव ठेवून घेतली आणि त्या ठेवीवर बोजा, म्हणजे लियन, चढवला. कधी बँक हमीच्या काही टक्केच ठेव मागते. किती घेतली ते आपापल्या कागदावर बघा. खरे अडकलेले पैसे इथं आहेत, हमीपत्रात नाहीत.

या पावतीवर चार गोष्टी बघा. ठेव संघाच्या नावावर आहे ना? ठेवलेली रक्कम किती? आपली ₹60,000. ठेव कधी ठेवली आणि कधी पूर्ण होते? आपली 20 जून 2025 ला ठेवली, 27 महिन्यांची, म्हणून 20 सप्टेंबर 2027 ला पूर्ण. आणि बोजाचा शिक्का किंवा नोंद आहे का, त्यात आपल्याच हमीचा क्रमांक आहे का?

पावतीवर मुदतीअंती मिळणारी रक्कमही छापलेली असते. ती मोठी असते, कारण तिच्यात व्याज धरलेलं असतं. वहीत अनामत म्हणून ₹60,000 च लिहा. व्याज हे संघाचं उत्पन्न आहे. ते बँक देईल तसं हिशेबात वेगळं घ्यायचं.

हमी देण्यासाठी बँकेने घेतलेलं कमिशन आणि मुद्रांकाचा खर्च परत येत नाही. तो खर्चात लिहा.

वहीत ओळी कशा दिसतील

आता तीनही कागद वहीत नेऊ. वाचायला सोपं जावं म्हणून रकाने एकाखाली एक देते आहे. तुमच्या वहीत ते आडवे आखा.

ओळ 1
कागद: बयाणा पावती, 5 मे 2025
रक्कम: ₹12,000
आपले अडकलेले पैसे: ₹12,000
मुदत: मुदत नाही
दाव्याची शेवटची तारीख: लागू नाही
परत मागण्याची तारीख व अट: 23 जुलै 2025, हमी जमा केल्यापासून 30 दिवस
कोणत्या खात्यातून / मूळ कागद कुठे: संघाचं बचत खाते, पावती फाईलमध्ये

ओळ 2
कागद: बँक हमी, 20 जून 2025
रक्कम: ₹60,000
आपले अडकलेले पैसे: शून्य, ओळ 3 बघा
मुदत: 29 ऑगस्ट 2026
दाव्याची शेवटची तारीख: 29 ऑगस्ट 2027
परत मागण्याची तारीख व अट: 31 ऑगस्ट 2026, काम संपून 60 दिवस झाल्यावर, येणे नसल्यास
मूळ कागद कुठे: कार्यालयात, पोच 23 जून 2025, झेरॉक्स फाईलमध्ये

ओळ 3
कागद: मुदत ठेव पावती, 20 जून 2025, ओळ 2 च्या हमीसाठी बोजा
रक्कम: ₹60,000
आपले अडकलेले पैसे: ₹60,000
मुदत: 20 सप्टेंबर 2027 ला पूर्ण
दाव्याची शेवटची तारीख: लागू नाही
परत मागण्याची तारीख व अट: मूळ हमी परत मिळाल्यावर लगेच, नाही मिळाली तर 29 ऑगस्ट 2027 नंतर
मूळ कागद कुठे: बँकेत किंवा संघाच्या कपाटात, जिथं असेल ते

दुसऱ्या ओळीत 30 ऐवजी 31 ऑगस्ट का? 60 दिवस 29 ऑगस्टला संपतात आणि 30 ऑगस्ट 2026 ला रविवार आहे. म्हणून सोमवारी अर्ज द्यायचा.

"आपले अडकलेले पैसे" हा रकाना मुद्दाम ठेवला आहे. हमीचे ₹60,000 आणि ठेवीचे ₹60,000 दोन्ही बेरजेत धरले, तर संघाचे ₹1,20,000 बाहेर आहेत असं दिसेल. खरे बाहेर आहेत ₹60,000 च. 31 मार्च 2026 ला ताळेबंद करताना याच रकान्याची बेरीज घ्यायची. बयाणा तोपर्यंत परत आला असेल तर बेरीज ₹60,000. नसेल आला तर ₹72,000. ताळेबंदात अनामत आणि बोजा असलेली ठेव मिळून हाच आकडा दिसला पाहिजे. जुळला नाही तर एखादी ओळ बंद करायची राहिली आहे, किंवा एखादी अनामत खर्चात पडली आहे.

कामाची मुदत वाढली तर

समजा, नवीन निविदा वेळेत झाली नाही आणि कार्यालयाने आपल्यालाच 30 सप्टेंबर 2026 पर्यंत काम चालू ठेवायला सांगितलं. आपल्याला आनंदच आहे. पण वही उघडून बघा. हमी 29 ऑगस्टला संपते आहे आणि काम त्यानंतरही चालणार आहे. आता हमीची मुदत वाढवावी लागेल.

ही गोष्ट वेळेत केली नाही तर काय होतं? कार्यालय मुदत संपण्याआधी बँकेला पत्र देऊ शकतं: हमी वाढवा, नाही तर पैसे द्या. बहुतेक हम्या अशा लिहिलेल्या असतात की अशी मागणी आल्यावर बँक आपल्याला विचारत बसत नाही. काम चांगलं चाललेलं असताना, केवळ एक तारीख चुकली म्हणून ₹60,000 जाण्याची वेळ येते. म्हणून हमीच्या प्रत्येक ओळीवर मुदतीच्या दोन महिने आधीची तारीख लाल शाईने लिहा. आपल्या ओळीवर ती 29 जून 2026 असेल. त्या महिन्याच्या बैठकीत एकच प्रश्न विचारायचा: काम ठरल्या दिवशी संपणार आहे की वाढणार आहे?

वाढ झाली तर बँक नवी हमी देत नाही, जुन्या हमीला जोडायचं दुरुस्तीपत्र देते. क्रमांक जुनाच राहतो, तारखा बदलतात. 30 सप्टेंबरपासून 60 दिवस: ऑक्टोबरचे 31, नोव्हेंबरचे 29. नवी वैधता 29 नोव्हेंबर 2026. दाव्याची तारीख 29 नोव्हेंबर 2027. परत मागण्याची तारीख 30 नोव्हेंबर 2026.

वहीतली जुनी तारीख खोडू नका, पांढरा रंग लावू नका. जुन्या ओळीत "मुदतवाढ, ओळ 4 बघा" असं लिहा आणि ओळ 4 मध्ये नव्या तारखा घ्या. दुरुस्तीपत्राचा दिनांक आणि कार्यालयाची पोच तिथंच नोंदवा.

आता ओळ 3 कडे पुन्हा बघा. ठेव 20 सप्टेंबर 2027 ला पूर्ण होते आहे, पण दावा 29 नोव्हेंबर 2027 पर्यंत येऊ शकतो. ठेव आधी संपते. म्हणून बँक ठेवीचीही मुदत वाढवून मागेल. हे तुम्हाला आधीच दिसलं, तर त्या पैशांवर डोळा ठेवून संघ सप्टेंबर 2027 चं दुसरं नियोजन करणार नाही. तीन ओळी शेजारी-शेजारी असण्याचा फायदा हाच.

पैसे परत मागताना

काम वाढलं नाही असं धरून पुढे जाऊ. 31 ऑगस्ट 2026 ला कार्यालयात अर्ज द्यायचा. अर्जात दोन गोष्टी मागायच्या: काम पूर्ण झालं आणि काही येणे नाही असा दाखला, आणि मूळ हमीपत्र. झेरॉक्स देऊ नका म्हणून सांगा, मूळ कागदच हवा. मुदतवाढ झाली असती तर दुरुस्तीपत्रही मूळच हवं. अर्जाच्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या आणि पोचेचा दिनांक ओळ 2 मध्ये लिहा.

मूळ हमीपत्र हातात आलं की ते बँकेत जमा करा, ठेवीवरचा बोजा उतरवण्याचा अर्ज द्या. कार्यालयाने बँकेला हमी संपल्याचं पत्र दिलं, तर काम आणखी सोपं होतं. बोजा उतरला की ठेव मोडायची की तशीच ठेवायची हे संघ ठरवेल. मुदतीआधी मोडली तर व्याज कमी मिळतं, ते बँकेला विचारून घ्या.

हा अर्ज दिलाच नाही तर? ठेव 29 ऑगस्ट 2027 पर्यंत तशीच बांधलेली राहू शकते. ₹60,000 म्हणजे ₹20,000 प्रमाणे तीन बहिणींचं कर्ज. एका अर्जाच्या कंटाळ्याने त्या तिघींना वर्षभर थांबावं लागेल.

रोख किंवा ऑनलाइन भरलेल्या अनामतीचा धोका वेगळा आहे. तिला मुदत नाही, त्यामुळे कुणी आठवणही करत नाही. सरकारी हिशेबाच्या नियमांत तीन पूर्ण आर्थिक वर्षे कुणी न मागितलेली अनामत साधारणपणे व्यपगत धरली जाते आणि सरकारच्या खात्यात जमा होते. त्यानंतरही हक्क सांगता येतो, पण वेगळी मंजुरी लागते, जुने कागद शोधावे लागतात, आणि तोवर आपल्या पदाधिकारीही बदललेल्या असतात. म्हणून "मुदत नाही" असं लिहिलेल्या ओळींवर जास्त नजर ठेवा. दर तिमाहीला अशा सगळ्या ओळी बैठकीत मोठ्याने वाचा.

बिलातून कापून घेतलेली अनामत तर आणखी लपून राहते. तिची पावतीच मिळत नाही, बिलाच्या तपशिलात एक ओळ असते एवढंच. बिल ₹1,00,000 चं आणि खात्यात आले ₹95,000, तर मधले ₹5,000 कर म्हणून गेले की अनामत म्हणून, हे कपातीचा तपशील मागून बघा. जेवढी अनामत असेल तेवढी त्याच दिवशी वहीत घ्या आणि कागदाच्या रकान्यात बिलाचा क्रमांक लिहा.

करून बघा

पुढच्या बैठकीत हे एक उदाहरण सगळ्या मिळून सोडवा. उत्तर खाली आहे, पण आधी वहीत लिहा आणि मग बघा.

एका गटाने उपहारगृहाची जागा चालवायला घेतली. करार 1 ऑक्टोबर 2025 ते 30 सप्टेंबर 2026. पावतीवर एकूण ₹26,180. त्यात अनामत ₹25,000, अर्ज शुल्क ₹1,000 आणि जीएसटी ₹180. रक्कम धनाकर्षाने दिली. करारात लिहिलं आहे: "जागेचा ताबा व किल्ली परत दिल्यापासून 30 दिवसांत, वीजबिल व इतर येणे वजा करून अनामत परत केली जाईल." गट किल्ली 1 ऑक्टोबर 2026 ला देणार आहे. वहीत रक्कम, मुदत आणि परतीची तारीख काय लिहाल?

उत्तर: रक्कम ₹25,000. उरलेले ₹1,180 खर्चात. मुदतीच्या रकान्यात "मुदत नाही". 30 सप्टेंबर 2026 ही कराराची शेवटची तारीख आहे, अनामतीची मुदत नाही, म्हणून ती इथं लिहायची नाही. किल्ली देताना त्याच दिवशी अनामत परतीचा अर्ज द्यायचा आणि दोन्हींची पोच घ्यायची. पैसे यायची तारीख 31 ऑक्टोबर 2026, अट "किल्ली दिल्यापासून 30 दिवस". आणि किल्ली देण्याआधी शेवटचं वीजबिल भरून त्याची पावती अर्जाला जोडायची, म्हणजे वजा करायला काही शिल्लक राहणार नाही. किल्ली द्यायला उशीर झाला तर 31 ऑक्टोबरही तेवढीच पुढे जाईल.

ज्यांच्या वहीत "परत मागण्याची तारीख" हा रकानाच नाही, त्यांनी शेवटच्या रकान्याच्या आधी पट्टीने एक रेघ ओढून तो आजच आखून घ्यावा, आणि फाईलमधल्या जुन्या पावत्या काढून एकेक ओळ भरायला घ्यावी. सगळ्यात जुन्या पावतीपासून सुरुवात करा.